सामना अर्धवट, पैज कुणाची? टेनिसमधली माघार आणि पैजांचे हिशेब

४ जानेवारी २०१४. चेन्नईतल्या नुंगमबाक्कम स्टेडियमवर चेन्नई ओपनचा उपांत्य सामना चालू होता. स्वित्झर्लंडच्या स्तानिस्लास वावरिंकाने पहिला सेट ६-४ असा घेतला होता आणि दुसरा सेट ५-५ वर आला होता. तिथे कॅनडाच्या वासेक पॉस्पिसिलने पाठदुखीमुळे सामना सोडला. निकालपत्रकात नोंद झाली: वावरिंका विजयी, ६-४, ५-५, माघार. दुसऱ्या दिवशी तो अंतिम सामना खेळला आणि स्पर्धा जिंकला.

टेनिसच्या दृष्टीने विषय तिथे संपला. पैजेच्या बाजारात मात्र त्या एका सामन्याचे निदान दोन वेगळे हिशेब झाले असणार. ‘वावरिंका जिंकेल’ अशी पैज एका बुकमेकरकडे जिंकलेली धरली जाते, तर दुसऱ्याकडे सामना पूर्ण झाला नाही म्हणून ती रद्द होते आणि लावलेले पैसे जसेच्या तसे परत मिळतात. खेळाडू तेच असतात आणि गुणफलकही तोच असतो, तरी एकाच्या खिशात नफा जातो आणि दुसऱ्याच्या खिशात फक्त मुद्दल. हा फरक कुठून आला, त्यामागची कारणे काय आणि त्यातले काय अजून सुटलेले नाही, हे इथे क्रमाने पाहू. हे तंजावूरमधून लिहितो आहे. इथे अशी पैज ऑनलाइन लावणेच कायद्याने बंद आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

वावरिंकाचा तो एक महिना या विषयाचा चांगला नमुना आहे, म्हणून तोच धरून पुढे जाऊ. चेन्नईहून तो ऑस्ट्रेलियन ओपनला गेला. पहिल्या फेरीत कझाकस्तानच्या आंद्रेय गोलुबेवने ६-४, ४-१ अशा पिछाडीवर सामना सोडला. तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर पुन्हा पॉस्पिसिलच होता, पण पाठ बरी झाली नव्हती. तो कोर्टवर उतरलाच नाही आणि वावरिंकाला पुढे चाल मिळाली. अंतिम सामन्यात राफाएल नदालची पाठ दुसऱ्या सेटमध्ये धरली, तरी तो शेवटपर्यंत खेळला आणि ६-३, ६-२, ३-६, ६-३ असा हरला.

यातल्या दोन प्रसंगांबद्दल कुणाचेच दुमत नसते. नदाल दुखापतीसह खेळला आणि हरला, तेव्हा त्याच्यावरच्या पैजा बुडाल्या. दुखणे कितीही उघड दिसत असले तरी पूर्ण झालेला सामना तो पूर्ण झालेलाच. पॉस्पिसिल कोर्टवर आलाच नाही, तेव्हा त्या सामन्यावरच्या पैजा सगळीकडे रद्द होतात, कारण जो सामना सुरूच झाला नाही त्याचा विजेता कुणी ठरवायचा? मात्र ‘पॉस्पिसिल ही स्पर्धा जिंकेल’ अशी पैज कुणी स्पर्धा सुरू झाल्यावर लावली असेल, तर ती गेली. स्पर्धेच्या विजेत्यावरची पैज एका सामन्याला बांधलेली नसते. भांडण उरते ते मधल्या दोन सामन्यांचे, म्हणजे सुरू होऊन अर्धवट राहिलेल्यांचे.

तीन नियम

ढोबळमानाने तीन पद्धती चालत आल्या आहेत.

पहिलीत सामना सुरू झाला की पैज पक्की होते. पहिला गुण खेळला गेला, मग कुणी पाचव्या मिनिटाला सोडो की पाचव्या सेटमध्ये, जो पुढच्या फेरीत जाईल तो विजेता. दुसरीत एक सेट पूर्ण झालेला असावा लागतो. तो झाला असेल तर पुढे जाणारा खेळाडू विजेता, नाही तर सगळे रद्द. बेटफेअर या ब्रिटिश पैज-विनिमय कंपनीने आपल्या नियमावलीत हीच रेषा आखली आहे. तिसरी पद्धत सर्वांत कडक. सामना शेवटच्या गुणापर्यंत खेळला गेला पाहिजे, नाही तर विजेत्यावरची पैज रद्द. याशिवाय दोन सेट पूर्ण हवेत असा एक मधला नियमही काही ठिकाणी असे.

चेन्नईचा सामना पहिल्या दोन नियमांनी वावरिंकाचा, तिसऱ्याने रद्द. गोलुबेवचाही तसाच. पहिल्या आणि दुसऱ्या नियमातला फरक दिसायला वेगळे उदाहरण घ्यावे लागते, आणि ते नोव्हाक जोकोविचने दिले आहे. ६ सप्टेंबर २०२० रोजी यूएस ओपनमध्ये तो पाब्लो कारेन्यो बुस्ताविरुद्ध पहिल्या सेटमध्ये ५-६ असा मागे होता. रागाने मारलेला चेंडू लाइनवरच्या पंच बाईंच्या गळ्याला लागला आणि त्याला बाद केले गेले. बहुतेक नियमावल्या बाद होणे आणि माघार एकाच कलमात बसवतात. सेट पूर्ण झाला नव्हता, म्हणून दुसऱ्या नियमाने सगळ्या पैजा रद्द. पहिल्या नियमाने कारेन्यो बुस्ता विजयी. याउलट २४ जानेवारी २०२५ रोजी ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात जोकोविचने झ्वेरेवविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला, तो संपताच हात पुढे केला आणि सामना सोडला. सेट नेमका पूर्ण झाला होता, त्यामुळे एका सेटच्या नियमाने झ्वेरेववरची पैज पक्की. हीच माघार टायब्रेकच्या शेवटच्या गुणाआधी झाली असती तर ती रद्द झाली असती. एका गुणाने उलटणारा हा हिशेब विचित्र वाटतो खरा, पण कुठेतरी रेषा ओढायची म्हटली की तिच्या दोन्ही बाजूंना असे काही सापडणारच.

कुणाचा युक्तिवाद काय

‘सामना पूर्ण हवा’ म्हणणाऱ्यांचे सांगणे सरळ आहे. पैज लावणारा टेनिसच्या कौशल्यावर मत देतो, खेळाडूच्या घोट्यावर नाही. त्यांच्या बाजूचे सर्वांत बोलके उदाहरण ७ जुलै २०२५ चे आहे. विम्बल्डनमध्ये ग्रिगोर दिमित्रोव यानिक सिनरविरुद्ध ६-३, ७-५, २-२ असा आघाडीवर होता. तिथे छातीच्या स्नायूला दुखापत झाली आणि त्याने सामना सोडला. दोन सेट हरलेला सिनर पुढे गेला आणि नंतर स्पर्धाही जिंकला. दिमित्रोववर ज्यांनी पैसे लावले होते त्यांचे मत टेनिसबद्दल तरी बरोबर ठरत होते. पहिल्या दोन नियमांनी ते हरले. तिसऱ्याने त्यांचे पैसे परत.

उलट बाजूची मंडळी म्हणतात, तंदुरुस्ती हा टेनिसचाच भाग आहे. क्रिकेटसारखा इथे बदली खेळाडू नाही. जो पाच सेट उभा राहू शकत नाही तो कमी पडला, आणि स्पर्धेने ज्याला विजेता ठरवले त्याहून वेगळा विजेता पैजेच्या वहीने का ठरवावा? शिवाय चेन्नईसारख्या सामन्यात एक सेट घेऊन दुसऱ्यात बरोबरीत असलेल्याच्या पाठीराख्याला ‘तुमचे मुद्दल घ्या’ म्हणणे त्यालाही अन्यायाचेच.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझ्या मते न्यायाच्या अंगाने हा वाद सुटणारा नाही, कारण दुखापतीचा धोका कुणीतरी उचलायचाच आहे. नियम फक्त तो कुणाच्या डोक्यावर जाईल एवढे ठरवतो.

एक सेटचा नियम हा तडजोडीचा म्हणून ओळखला जातो, पण त्यामागे धंद्याचे एक पक्के कारणही दिसते. विनिमयावर कंपनी स्वतः पैज घेत नाही. लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. इथे आपल्या बुकींच्या भाषेतली लगाई आणि खाई दोन्ही एकच माणूस करू शकतो. समजा सामन्याआधी कुणी एका खेळाडूवर १.५० च्या भावाने १००० रुपये लावले. पहिला सेट त्याने जिंकल्यावर भाव १.२० झाला, तेव्हा त्याच खेळाडूवरची १२५० रुपयांची पैज या माणसाने खाल्ली. आता खेळाडू जिंकला तर ५०० आले आणि २५० गेले. हरला तर १००० गेले आणि १२५० आले. दोन्हीकडे २५० रुपये नफा बांधलेला. पण तिसऱ्या नियमाने सामना रद्द झाला तर दोन्ही पैजा पुसल्या जातात आणि बांधलेला नफा शून्य होतो. सामना चालू असताना व्यवहार करणाऱ्यांना हे मुळीच परवडत नाही. पहिल्या सेटनंतर काहीही झाले तरी व्यवहार उभा राहील, एवढी खात्री त्यांना हवी असते. सामन्याआधी एकच पैज लावून झोपी जाणाऱ्या गिऱ्हाइकाला याचे काही नसते, त्याला मुद्दल सुरक्षित हवे. ज्या कंपनीचे गिऱ्हाईक जसे, तसा तिचा नियम बनत गेला.

काही बुकमेकर यावर आणखी एक थर चढवतात. नियम ‘सामना पूर्ण हवा’ असाच ठेवतात, पण प्रतिस्पर्धी सामना सोडून गेला तर तुमची पैज जिंकलेली धरू, अशी सवलत जाहीर करतात. गिऱ्हाइकाला दोन्हीकडून बरे: आपला खेळाडू सोडून गेला तर पैसे परत, समोरचा गेला तर पूर्ण पैसे. मात्र ही सवलत असते, नियम नव्हे. ती कोणत्या स्पर्धांना, कोणत्या प्रकारच्या पैजांना आणि किती रकमेपर्यंत लागू, हे खालच्या बारीक अटींत लिहिलेले असते. तक्रारींची मुळे बहुधा तिथेच सापडतात.

नियम हा भावाचाच भाग

या वादात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे वेगवेगळ्या नियमांखाली दिलेले भाव एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. एक काल्पनिक हिशेब करू. समजा ‘अ’ हा खेळाडू सामना पूर्ण झाला तर शंभरात साठ वेळा जिंकतो. पण त्याचा गुडघा कुरकुरतो आहे आणि पहिल्या सेटनंतर तो सामना सोडील अशी शक्यता शंभरात दहा आहे. समोरचा ‘ब’ ठणठणीत आहे.

सामना पूर्ण हवा असा नियम असेल तर माघारीचे दहा सामने हिशेबातून वजा होतात. उरलेल्या नव्वदात ‘अ’ चोपन्न जिंकतो, म्हणजे साठ टक्के. बुकमेकरचा नफा सोडला तर त्याचा रास्त भाव १.६७ आणि ‘ब’चा २.५०. एका सेटचा नियम असेल तर तेच दहा सामने ‘ब’च्या खात्यात जातात. ‘अ’ शंभरात चोपन्न, रास्त भाव १.८५, ‘ब’ सेहेचाळीस, भाव २.१७. एकाच सामन्याचे हे दोन भाव आणि दोन्ही बरोबर. ‘तिकडे १.८५ मिळतो, इकडे १.६७च’ म्हणून जो हुरळून तिकडे जातो, त्याला जास्तीचा भाव फुकट मिळालेला नसतो. गुडघ्याचा धोका त्याने आपल्या अंगावर घेतलेला असतो.

हे ओळखणारे दोन्हीकडे पैज लावून फरक उचलू पाहतात: ‘अ’वर सामना पूर्ण हवा म्हणणाऱ्याकडे, ‘ब’वर एका सेटवाल्याकडे. ‘अ’ने सोडले तर पहिली पैज परत आणि दुसरी जिंकलेली. पण ‘ब’ने सोडले तर पहिली परत आणि दुसरी बुडालेली. नफा पक्का आहे असे समजून लावलेल्या जोडीत असे भोक राहते आणि ते सामना सुटेपर्यंत दिसत नाही.

विजेता सोडून बाकीच्या पैजा

पैजा फक्त विजेत्यावर नसतात. पहिला सेट कोण घेईल, एकूण गेम किती होतील, किती फरकाने जिंकेल, अशाही असतात. इथे बहुतेक नियमावल्यांचे तत्त्व असे: माघारीच्या क्षणी निकाल आधीच ठरला असेल, म्हणजे सामना पुढे कसाही गेला असता तरी तोच राहिला असता, तर पैज मिटवायची. नाही तर रद्द.

तत्त्व सोपे वाटते. चेन्नईच्या सामन्यावर लावून पाहा. ६-४, ५-५ म्हणजे २० गेम झाले. ‘पहिला सेट वावरिंका’ ही पैज जिंकली, त्यात वाद नाही. ‘२-० असा जिंकेल’ ही रद्द, कारण पॉस्पिसिल दुसरा सेट घेऊ शकला असता. आता ‘एकूण गेम २१.५ पेक्षा जास्त’ ही पैज घ्या. प्रत्यक्षात गेम २० च झाले, म्हणून पहिल्या नजरेला ती हरलेली किंवा निदान रद्द वाटते. पण ५-५ झाल्यावर तो सेट लवकरात लवकर ७-५ ला संपतो. म्हणजे सामना नियमाने पूर्ण झाला असता तर किमान २२ गेम होणारच होते. तत्त्वाप्रमाणे ही पैज जिंकलेली आहे. ‘२२.५ पेक्षा जास्त’ मात्र रद्द, कारण ७-५ ला संपला असता तर २२ आणि टायब्रेक झाला असता तर २३. गोलुबेवच्या ६-४, ४-१ ला असे काही निघते का, हे ज्याला गंमत वाटेल त्याने करून पाहावे; तो सामना पाच सेटचा होता हे फक्त विसरू नये.

सगळे बुकमेकर असा पुढचा हिशेब मांडत नाहीत. काही जण प्रत्यक्ष खेळलेलेच गेम मोजतात, काही जण सामना अर्धवट राहिला की गेमच्या सगळ्या पैजा सरसकट रद्द करतात. विजेत्याच्या नियमाबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशही या कलमांबद्दल बोलले जात नाही, आणि मला वाटते पुढचे वाद इथेच वाढतील.

सोपोत आणि संशय

नियमांची खरी परीक्षा २ ऑगस्ट २००७ रोजी पोलंडमधल्या सोपोत इथे झाली. जागतिक क्रमवारीत चौथा असलेला निकोलाय दाविदेंको अर्जेंटिनाच्या मार्टिन वासालो आर्ग्वेलोशी खेळत होता. क्रमवारीत आर्ग्वेलो ८७ वा. पहिला सेट दाविदेंकोने ६-२ असा घेतला. तरीही बेटफेअरवर पैसा आर्ग्वेलोवरच ओतला जात राहिला. दुसरा सेट आर्ग्वेलोने ६-३ घेतला आणि तिसऱ्यात २-१ असताना दाविदेंकोने पायाच्या दुखापतीमुळे सामना सोडला. त्या एका किरकोळ सामन्यावर सुमारे ७० लाख डॉलरच्या पैजा झाल्या होत्या.

दोन सेट पूर्ण झाले होते, तेव्हा एका सेटच्या नियमाने आर्ग्वेलोवरच्या पैजा पक्क्या होत्या. बेटफेअरने तरीही सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. पुरुष टेनिसच्या संघटनेने वर्षभर चौकशी केली आणि सप्टेंबर २००८ मध्ये दोन्ही खेळाडूंना निर्दोष ठरवले. चौकशीच्या काळातच टेनिसमधल्या सचोटीचा स्वतंत्र आढावा घेतला गेला आणि २००८ मध्ये टेनिस इंटेग्रिटी युनिट स्थापन झाले. त्याचेच काम २०२१ पासून इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सी पाहते.

हिशेबाच्या नियमांपुरते बोलायचे तर सोपोतने एक पेच उघडा केला. माघारीला पराभव मानणाऱ्या नियमात, आतली बातमी ज्याला ठाऊक आहे त्याला फायदा होतो: खेळाडू दुखावला आहे आणि टिकणार नाही, एवढे कळले की पुरे. माघारीला रद्द मानणाऱ्या नियमात ही वाट बंद होते, पण दुसरी उघडते. पैज हरत चालली असेल तर सामना सोडवून घेतला की मुद्दल वाचते. कोणताही नियम दोन्ही वाटा एकदम बंद करत नाही. म्हणून टेनिसच्या संस्थांनी बुकमेकरांच्या नियमांऐवजी खेळाडूंच्या वागण्याकडे लक्ष दिले. खेळाडूंना टेनिसवर पैज लावण्यास आणि आतली माहिती देण्यास मनाई आहे. पैशाच्या दुसऱ्या बाजूलाही हात घातला गेला. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये एकाच दिवशी जोकोविच आणि फेडरर या दोघांचे प्रतिस्पर्धी पहिल्या फेरीत अर्धवट सोडून गेले. केवळ बक्षिसाच्या रकमेसाठी दुखरे खेळाडू उतरतात अशी टीका झाली. २०१८ पासून ग्रँड स्लॅम स्पर्धांनी नियम केला, की सामन्याआधी वेळेत माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळावी आणि बाकी निम्मी त्याच्या जागी येणाऱ्याला. याचा परिणाम पैजांवरही होतो: जी माघार सामन्यात झाली असती ती आधीच झाली, तर त्यावरच्या पैजा सगळीकडेच रद्द, मग तीन नियमांचा वाद उरत नाही.

कायद्याचा हात

सगळ्यांसाठी एकच नियम का झाला नाही, याचे एक उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नसत. कोर्ट ऐकणारच नसेल तर अर्धवट सामन्याचा अर्थ काय लावायचा हे ठरवणारे निवाडेही तयार होत नाहीत, आणि प्रत्येक बुकमेकरची नियमावली हाच त्याच्यापुरता कायदा राहतो. १ सप्टेंबर २००७ पासून, म्हणजे सोपोतनंतर जेमतेम महिनाभराने, तिथे पैज हा वसूल होऊ शकणारा करार झाला. पण तोवर नियमावल्या घट्ट झाल्या होत्या.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवते. यात तंजावूर आणि पुण्यात पूर्वापार एक फरक आहे. मुंबई इलाख्याने १८६५ मध्येच वेगळा कायदा करून पैजेसाठी केलेले जोडकरारही, म्हणजे पैज लावण्यासाठी दिलेले कर्ज वगैरे, निरर्थक ठरवले. मद्रास इलाख्यात तसे नव्हते. पैज वसूल होत नसे, पण तिच्यासाठी दिलेली उसनवारी होऊ शके. आता तमिळनाडूच्या २०२२ च्या कायद्याने ऑनलाइन जुगाराला बंदी आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा इथल्या कुणी परदेशी साइटवर पैज लावली आणि माघारीनंतर हिशेब चुकीचा झाला असे त्याला वाटले, तर दाद मागायला त्याला जागाच नाही. ब्रिटनमध्ये निदान तंटे सोडवणारी स्वतंत्र सेवा असते. तीही बहुतेकदा एवढेच पाहते, की बुकमेकरने स्वतःचा लिहिलेला नियम पाळला का. तो नियम शहाणपणाचा आहे का, हा तिचा प्रश्न नसतो.

काय बाकी आहे

बाद होणे आणि दुखापतीने सोडणे एकाच कलमात बसवावे का, यावर एकमत नाही. जोकोविचचा २०२० चा प्रसंग दुखापतीचा नव्हता, पण हिशेब दुखापतीसारखाच झाला. एका सेटची रेषा तीन सेटच्या आणि पाच सेटच्या सामन्याला सारखीच असावी का, हाही प्रश्न आहे. तीनपैकी एक सेट म्हणजे बराचसा सामना, पाचपैकी एक म्हणजे सुरुवात. गेमच्या पैजांत पुढचा हिशेब धरायचा की खेळलेले तेवढे मोजायचे, हे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने ठरवतो. आणि संशय आला म्हणून नियमाने पक्की झालेली पैज कंपनीने रद्द करावी का, याचे सोपोतमध्ये मिळालेले उत्तर त्या एका प्रसंगापुरतेच राहिले. खेळाडू पुढे निर्दोष ठरले, पण ज्यांनी आर्ग्वेलोवर प्रामाणिकपणे पैसे लावले होते त्यांच्या हाती मुद्दलच आले.